पहिला मोबा निवडताना आधी घड्याळ बघा

आठवी-नववीतल्या मुलांच्या तोंडी हल्ली ‘मोबा’ हा शब्द वारंवार येतो. दोन संघ, प्रत्येकी पाच खेळाडू आणि आमनेसामने दोन तळ. तळांना जोडणाऱ्या वाटांना लेन म्हणतात, त्या बहुतेक वेळा तीन असतात आणि त्यांच्या मधल्या भागाला जंगल म्हणतात. प्रत्येक खेळाडू एक पात्र निवडतो, लढत लढत त्याची ताकद वाढवतो आणि बहुतेक मोबांमध्ये जो संघ समोरच्याचा तळ आधी पाडतो तो जिंकतो. या प्रकारातली गाजलेली नावं म्हणजे ‘डोटा 2’, ‘लीग ऑफ लेजंड्स’ आणि फोनवर खेळला जाणारा ‘पोकेमॉन युनाइट’. तिन्ही फुकट मिळतात. त्यामुळे पालकांपुढे खर्चापेक्षा वेगळे प्रश्न असतात: खेळ शिकायला किती अवघड आहे, एक सामना किती वेळ चालतो आणि चॅटमध्ये शिवीगाळ किती होते?

हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांचं मूळ एकच आहे. नवशिक्याच्या हातून चूक झाली की तिची किंमत संघाला किती वेळ मोजावी लागते, यावर बाकीचं बरंचसं ठरतं.

‘लीग ऑफ लेजंड्स’चंच उदाहरण घ्या. लेनमधून दोन्ही बाजूंचे छोटे सैनिक, म्हणजे मिनियन, ठरावीक वेळाने चालत येतात. मिनियन मेला की सोनं मिळतं, पण त्यावर शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचंच. याला लास्ट हिट म्हणतात. नवा मुलगा समोर दिसेल त्यावर वार करत सुटतो आणि नेमका शेवटचा घाव त्याच्या हातून निसटतो. साध्या मिनियनचे साधारण 21 सोन्याचे तुकडे मिळतात, तर समोरचा खेळाडू मारला तर 300. म्हणजे चौथ्या मिनिटाला आपला मुलगा शत्रूच्या टॉवरखाली घुसून मेला, तर समोरच्याला एका फटक्यात चौदा मिनियनची कमाई होते. शिवाय आपला मुलगा जिवंत होऊन लेनमध्ये परतेपर्यंत त्याचे मिनियन वाया जातात. समोरचा त्या सोन्यातून चांगलं हत्यार घेतो आणि पुढच्या झटापटीत पुन्हा त्यालाच मारतो. खेळाडूंच्या भाषेत याला ‘फीड करणं’ म्हणतात, म्हणजे आपणच शत्रूला पोसणं.

आता बाकीच्या चौघांकडे बघा. त्यांना दिसतं की एका लेनमधला शत्रू वाजवीपेक्षा बलवान झालाय आणि थोड्या वेळात तो आपल्याही लेनमध्ये येणार आहे. पण सामना सोडता येत नाही. सोडला तर खेळच शिक्षा करतो. हार पत्करायची तर पंधराव्या मिनिटाला पाचही जणांचा होकार लागतो आणि विसाव्या मिनिटानंतर चौघांचा. चूक चौथ्या मिनिटाची असली तरी सुटका पंधराव्याच्या आत नाही. मधली अकरा मिनिटं पाच अनोळखी माणसं एका हरत्या सामन्यात अडकलेली असतात आणि समोर चॅटची खिडकी उघडी असते. ‘नूब’, ‘अनइन्स्टॉल कर’ इथपासून सुरुवात होते आणि गाडी आईबहिणीवर जाते. मुलं मुळात वाईट असतात म्हणून हे घडतं असं नाही. खेळाची रचनाच रागाला वेळ आणि जागा देते.

‘डोटा 2’मध्ये हे सगळं आणखी तीव्र होतं. पात्रं शंभरावर आहेत. इथे आपलेच सैनिक आपण मारून शत्रूचं सोनं बुडवता येतं आणि मेल्यावर आपल्याजवळचं सोनंही कमी होतं. सामना सहज पस्तीस-चाळीस मिनिटं चालतो, कधी तासाच्या घरात जातो. खेळ अप्रतिम आहे यात शंका नाही, पण पहिला मोबा म्हणून तो मुलाच्या हाती देऊ नये.

‘पोकेमॉन युनाइट’ 2021 मध्ये आला आणि त्याने या अडचणीच्या मुळालाच हात घातला. नेहमीचा सामना दहा मिनिटांचा, घड्याळ लावून. सोनं नाही, दुकान नाही. रानातले पोकेमॉन हरवून ऊर्जा गोळा करायची आणि ती शत्रूच्या गोलमध्ये टाकून गुण मिळवायचे. शेवटच्या दोन मिनिटांत गुण दुप्पट होतात, त्यामुळे आधी मागे पडलेला संघही सामना फिरवू शकतो. सामना चालू असताना दोन्ही संघांचे नेमके गुण पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून ‘तुझ्यामुळे हरतोय’ असं आकड्यानिशी म्हणता येत नाही. सामन्यात मनाला येईल ते टाइप करायची सोय नाही, ‘मदत करा’, ‘मागे या’ अशी तयार वाक्यंच पाठवता येतात. आवाजाची सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करावी.

रोज रात्री साडेसात ते साडेआठ हा तास ठरवून दिलेल्या मुलाचा हिशोब मांडू. ‘डोटा’त तेवढ्यात एक सामना होतो. तो लांबला की जेवायची हाक येते आणि उठावं तर चौघांचा खेळ बिघडतो, वर शिक्षाही होते. त्यावरून घरात रोज वाद. ‘युनाइट’मध्ये थांबण्याचा वेळ धरूनही चार सामने होतात. म्हणजे चूक सुधारून बघायच्या चार संधी मिळतात आणि कधीही दहा मिनिटांच्या आत उठता येतं. लेन, जंगल, छोटा नकाशा, संघातली आपली भूमिका या गोष्टी इथे शिकून झाल्या की पुढचे खेळ परके वाटत नाहीत.

‘युनाइट’लाही मर्यादा आहेत. शेवटची दोन मिनिटं इतकी भारी पडतात की आधीच्या आठ मिनिटांची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. नवे पोकेमॉन आणि पोशाख विकत घ्यायचा मोहही पदोपदी आहे, म्हणून त्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका.

घरात कॉम्प्युटर असेल आणि मुलाला ‘लीग’च हवा असेल, तर सुरुवात बॉटविरुद्धच्या सामन्यांनी करा. तिथे लास्ट हिटचा हात बसू द्या. मग एकाच लेनचा, साधारण वीस मिनिटांत संपणारा ‘अराम’ प्रकार आहे. माणसांविरुद्ध खेळताना सामना सुरू होताच चॅटमध्ये `/mute all` टाइप केलं की इतरांचं बोलणं दिसत नाही आणि नकाशावरच्या खुणांनी, म्हणजे पिंगने, काम भागतं. ओळखीचा एक मित्र संघात असेल तर उत्तमच. रँकचे सामने पहिले काही महिने नकोतच.

परदेशी याद्यांमध्ये ‘मोबाइल लेजंड्स’चं नाव वर दिसेल. 2020 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या 59 अॅपमध्ये तोही होता. कुठल्या तरी साइटवरून त्याची फाइल उतरवून देण्याच्या भानगडीत पडू नका.

मूल पुढच्या खेळाला तयार झालं का, हे ओळखायची खूण सोपी आहे. हरल्यावर ते ‘टीम बेकार होती’ म्हणतं, की ‘मी नकाशा बघितला नाही म्हणून मेलो’ म्हणतं, ते ऐका. दुसरं वाक्य वारंवार ऐकू येऊ लागलं की ‘लीग’ द्यायला हरकत नाही. तोवर फोनवरचा दहा मिनिटांचा सामना पुरेसा आहे.