सोसायटीनं नेमकं काय मागितलं होतं?

समजा, पुण्यात कोथरूडला 48 सदनिकांची एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि पार्किंगमधले दिवे मिळून महिन्याला 2,400 युनिट वीज लागते आणि कॉमन लाइट बिल 28 हजारांच्या घरात जातं. कमिटीनं गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं आणि तीन जणांकडून कोटेशन मागवली. तिघांचेही लोक येऊन गेले, गच्ची पाहून गेले, चहा घेऊन बोलून गेले. आठवड्याभरात तीन फायली आल्या.

त्यातल्या दोन फायली जवळपास सारख्याच आहेत. पहिल्या पानावर कंपनीची स्थापना आणि संचालकांचे फोटो. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आजवर केलेली कामं. मग मोनोक्रिस्टलाइन पॅनल, हाफ-कट सेल, पॅनलची कार्यक्षमता, इन्व्हर्टरचं धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण, मोबाइल अ‍ॅपवर दिसणारे आलेख अशी वैशिष्ट्यांची लांबलचक यादी. नवव्या पानावर किंमत. सोसायटीचं नाव मुखपृष्ठावर एकदा आणि किमतीच्या तक्त्यावर एकदा. सेक्रेटरी सरळ नववं पान उघडतात, दोन आकडे शेजारी शेजारी लिहितात, आणि त्या क्षणापासून चर्चा फक्त ‘कमी कोण करतो’ एवढीच उरते. पॅनल चांगली असूनही विक्रेत्याच्या हातात भाव उतरवण्यापलीकडे काही राहत नाही.

हे असं का होतं, याचा मोठा अभ्यास नील रॅकहॅम यांनी केला. त्यांच्या हथवेट या संस्थेनं बारा वर्षांत सुमारे 35 हजार विक्रीभेटींचं निरीक्षण केलं आणि त्यातून 1988 मध्ये ‘स्पिन सेलिंग’ हे पुस्तक आलं. छोट्या खरेदीत वैशिष्ट्यांची यादी थोडीफार चालून जाते, मोठ्या खरेदीत तिचा उपयोग फार कमी होतो, असं त्यांना दिसलं. उलट वैशिष्ट्यांचा भडिमार झाला की ग्राहक किमतीवर घसरतो. जितकी यादी लांब, तितकं ‘एवढ्या सगळ्याचे पैसे आपण भरतोय’ हे मनात ठसतं. ग्राहकानं स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवलेली गरज आपल्या वस्तूनं कशी भागते, हे दाखवलं तर मात्र त्याचा कल होकाराकडे झुकतो. रॅकहॅम यांनी फायदा हा शब्द फक्त तेवढ्यासाठीच राखून ठेवला. विक्रेत्याला स्वतःहून वाटणारे फायदे त्यांनी वेगळ्या खणात टाकले.

ग्राहकानं बोलून दाखवलेली गरज या अटीवर सगळी गंमत आहे. ‘बिल फार येतं हो’ ही नुसती तक्रार झाली. तिच्यावर प्रस्ताव उभा राहत नाही. ‘किती कमी झालं तर सभासदांसमोर मांडता येईल?’ असं विचारल्यावर खजिनदार म्हणतात, ‘निदान तीन-चार वर्षं मेंटेनन्स वाढवायला लागू नये, आणि यासाठी सभासदांकडून वेगळी वर्गणी काढणार नाही. ठेवीतले जास्तीत जास्त नऊ लाख मोडता येतील.’ ही झाली गरज, आकड्यासकट. याच शब्दांत ती वहीत उतरवायची.

तिसऱ्या विक्रेत्यानं हेच केलं, असं धरू. त्याच्या वहीत आणखी चार गोष्टी आहेत. चेअरमन म्हणाले, गेल्याच वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय, तिथे ड्रिल मारून चालणार नाही, कंत्राटदाराची हमी जाईल. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायला आणि कोजागरीला गच्ची मोकळी हवी. सेक्रेटरींची तक्रार जुनी आहे. आधी सोलर वॉटर हीटर बसवणारा माणूस दुसऱ्या वर्षापासून फोनच उचलेनासा झाला. आणि एका सभासदानं विचारलं, ‘लाइट गेली की लिफ्ट यावर चालेल ना?’

त्याचा प्रस्ताव उघडला की पहिल्याच पानावर ही पाच वाक्यं दिसतात, कमिटीच्याच शब्दांत. कंपनीची माहिती मागे गेली आहे. पानाच्या शेवटी एक ओळ आहे: यात काही राहून गेलं असेल किंवा चुकीचं समजलं असेल तर कळवावं. पुढची पानं या पाच गोष्टींच्या क्रमानं जातात. हा क्रमसुद्धा विक्रेत्याच्या सोयीचा नाही. सर्वसाधारण सभेत सगळ्यात आधी विचारला जाईल तो पैशाचा प्रश्न पहिला, म्हणून त्याचं उत्तर पहिलं.

पैशाचं उत्तर असं. आपल्याकडे एक किलोवॅटचं सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे 2,400 युनिटांसाठी 20 किलोवॅट पुरे. गच्चीवर याहून जास्त मावेल, पण जास्त बसवून उपयोग नाही, कारण नेट मीटरिंगमध्ये वापरापेक्षा जास्त झालेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात खरी, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना मिळणारा दर अगदीच कमी असतो. एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटं जुलै-ऑगस्टच्या ढगाळ महिन्यांत वापरली गेली, की हिशेब बसतो. किंमत 11 लाख 60 हजार. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे 3 लाख 60 हजार. उरले आठ लाख. बिलातला स्थिर आकार वगैरे सोलर लावूनही भरावाच लागतो. तो चार हजार धरला तर महिन्याला 24 हजार वाचतात, आणि आठ लाख पावणेतीन-तीन वर्षांत वसूल होतात.

इथपर्यंतचं गणित इतर दोघांनीही कुठेतरी कोपऱ्यात दिलेलं असतं. फरक पडतो तो पुढच्या परिच्छेदात. अनुदान काम पूर्ण होऊन मीटर बसल्यावर मिळतं. तोवर विक्रेत्याला पूर्ण रक्कम द्यायची तर सोसायटीला 11 लाख 60 हजार उभे करावे लागतील, आणि खजिनदारांनी तर नऊ लाखांची मर्यादा सांगितली होती. म्हणून या प्रस्तावात हप्ते तसे बांधलेत: काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं नऊ लाख, आणि उरलेले 2 लाख 60 हजार अनुदान खात्यात आल्यावर. वर्गणी काढावी लागत नाही. किमतीत एक रुपयाही कमी न करता खजिनदारांची अडचण सुटली, कारण ती अडचण किमतीची नव्हतीच, पैसे कधी द्यायचे याची होती. नुसत्या वैशिष्ट्यांच्या यादीतून हे कधी बाहेर आलं नसतं.

आता वैशिष्ट्यं कुठे जातात तेही पाहण्यासारखं आहे. ती टाकून दिलेली नाहीत. अनुदान हवं असेल तर पॅनल भारतात बनलेली आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले असावे लागतात. तेव्हा ‘भारतीय सेलची पॅनल’ ही ओळ पैशाच्या पानावर, अनुदानाच्या वाक्याला जोडून येते. 540 वॉटची 37 पॅनल लागतील हे गच्चीच्या पानावर येतं, कारण तिथे जागेचा प्रश्न आहे. ज्या वैशिष्ट्याला पाचपैकी एकही गरज चिकटत नाही, ते शेवटी तांत्रिक परिशिष्टात. सोसायटीत एखादे निवृत्त इंजिनिअर असतातच, आणि ते परिशिष्ट बारकाईनं वाचतात.

गच्चीच्या पानावर मात्र दोन गरजांची टक्कर आहे. ड्रिल मारायचं नाही, तर पॅनलचा सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभा करता येतो. पण असा सांगाडा बुटका असतो आणि त्याखाली वावरता येत नाही. खाली मोकळं चालता येईल असा सात-आठ फूट उंच सांगाडा वाऱ्याला तोंड देणारा असावा लागतो. त्याला पक्की पकड हवी, म्हणजे पुन्हा गच्चीला हात लावणं आलं. लपवाछपवी करणारा विक्रेता दोन्ही गोष्टी ‘होतील’ म्हणून मोकळा होतो आणि भांडण काम सुरू झाल्यावर पेटतं. या प्रस्तावात दोन पर्याय समोरासमोर मांडलेत. एक, ठोकळ्यांवरचा बुटका सांगाडा, दक्षिणेकडचा अर्धा भाग व्यापणारा. उत्तरेचा अर्धा भाग पूर्ण मोकळा आणि वॉटरप्रूफिंगला धक्का नाही. दोन, उंच सांगाडा. सगळी गच्ची वापरता येईल, पण खांबांच्या जागी वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागेल आणि जुन्या हमीबद्दल आधी कंत्राटदाराचं लेखी म्हणणं घ्यावं लागेल. शिफारस पहिल्याची, आणि ठोकळ्यांचं वजन स्लॅब पेलते की नाही याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडण्याची तयारी.

लिफ्टचं उत्तर तर सरळ नकार आहे. नेट मीटरवर चालणारं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं. लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला उलट दिशेनं येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी सोयच केलेली असते. लिफ्टसाठी बॅटरी किंवा जनरेटर लागेल आणि तो खर्च यात धरलेला नाही, असं प्रस्तावात स्वच्छ लिहिलंय. बोलून दाखवलेल्या गरजेला ‘नाही’ म्हणायला विक्रेते घाबरतात आणि ती ओळच गाळतात. पण ती विचारणारा सभासद सभेत हजर असतो. गाळलेली ओळ त्याच्या लगेच लक्षात येते आणि मग बाकीच्या चार उत्तरांवरचा विश्वासही डळमळतो.

सेक्रेटरींच्या जुन्या अनुभवावर ‘उत्तम विक्रीपश्चात सेवा’ हे शब्द कुचकामी आहेत, कारण वॉटर हीटरवाल्यानंही तेच छापलं होतं. इथे पाच वर्षांच्या देखभालीचा करार जोडलाय: तक्रार नोंदवल्यावर किती दिवसांत माणूस येईल, न आल्यास शेवटच्या हप्त्यासोबत राखून ठेवलेल्या अनामतीतून किती कपात होईल, पॅनल धुणं कोणाकडे. शिवाय त्याच भागातल्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी त्यांच्या परवानगीनं बोलणं करून देण्याची तयारी, त्यातली एक किमान तीन वर्षं जुनी.

हा प्रस्ताव सभेत विक्रेत्याशिवाय वाचला जाणार आहे, हे लक्षात ठेवून तो लिहिलाय. चेअरमन पान उलटत जातील आणि प्रत्येक पानावर कुणाचा तरी प्रश्न आणि त्याचं उत्तर सापडेल. लिहून झाल्यावर विक्रेत्यानं स्वतःशी करायची तपासणीही सोपी आहे: सोसायटीचं नाव खोडून दुसरं घातलं तर हीच फाइल शेजारच्या सोसायटीला पाठवता येईल का? येत असेल तर गरजा लिहिल्याच गेल्या नाहीत. संगणकावर जुनी फाइल उघडून नाव बदलण्याच्या सवयीत पाचव्या पानावर आधीच्या ग्राहकाचं नाव तसंच राहून जातं, आणि त्याचा अर्थ कमिटीला समजावून सांगावा लागत नाही.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. सरकारी निविदेत नमुना ठरलेला असतो. तिथे प्रत्येक अटीपुढे पूर्तता लिहायची, त्यांच्याच क्रमानं. क्रम बदलला तर फाइल बाद होऊ शकते. दोन पंखे आणि चार ट्यूबलाइट विकायला पाच पानांचा प्रस्ताव कुणी वाचत नाही. आणि कमिटीनं आधीच एकाला कबूल करून बाकीची दोन कोटेशन फक्त नियमापुरती मागवली असतील, तर कितीही नेटका प्रस्ताव तिथे कामाचा नाही. ते गच्ची पाहायला गेल्या दिवशीच बहुतेक कळतं: प्रश्न विचारले तर उत्तरं येत नाहीत, ‘तुम्ही फक्त रेट पाठवा’ एवढंच ऐकू येतं. अशा वेळी एका पानाचं दरपत्रक पाठवावं आणि वेळ पुढच्या सोसायटीला द्यावा.