घडी मोडून पुन्हा घातलेला मथळा

'आक्सिदां द कार : त्रुआ मोर.' फ्रेंच वृत्तपत्रात हा मथळा दिसला की इंग्रजी जाणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी मोटार उभी राहते. पण फ्रेंचमधला 'कार' म्हणजे मोटार नव्हे. गावोगावी किंवा सहलीला प्रवासी घेऊन जाणारी ती बस. मोटारीला फ्रेंच माणूस 'व्वात्यूर' म्हणतो. म्हणजे बातमी आहे बसच्या अपघाताची, आणि त्यात तिघांचा जीव गेला आहे.

एवढं कळलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. फ्रेंच मथळ्यात क्रियापद नाही. आधी विषय, मग विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, मग निष्कर्ष, अशी त्याची मांडणी. तो तसाच इंग्रजीत नेला तर 'कोच अ‍ॅक्सिडंट : थ्री डेड' होतो. वाचणाऱ्याला तो समजेल, पण इंग्रजी वृत्तपत्रातला वाटणार नाही. लंडनचा उपसंपादक लिहील, 'थ्री किल्ड इन कोच क्रॅश'. न्यूयॉर्कचा 'कोच'च्या जागी 'बस' घालील. मृत्यू पुढे आले, दोन ठिपके गेले, नामाच्या जागी क्रियेचं रूप आलं. मात्र 'किल्ड' लिहिण्याआधी खालची बातमी वाचावी लागते. चालक हृदयविकाराने गेला आणि त्यामुळे बस घसरली, असं बातमीत असेल तर तिघांनाही अपघाताने मारलं असं म्हणता येत नाही. तिथे 'डेड'च बरोबर.

पॅरिस आणि परिसरात हे काम रोज चालतं. 'फ्रान्स २४' ही वृत्तवाहिनी २००६ पासून फ्रेंचबरोबर इंग्रजीतही बातम्या देते. 'ल मोंद' या दैनिकाने एप्रिल २०२२ मध्ये स्वतःची इंग्रजी आवृत्ती सुरू केली. तिथल्या फ्रेंच मजकुराला इंग्रजी मथळा देणाऱ्याचं काम धोतराची घडी घालण्यासारखं असतं. प्रत्येक भाषा मथळ्यासाठी वाक्याची घडी घालते, पण कुठे दुमडायचं हे प्रत्येकीचं वेगळं. फ्रेंच घडी तशीच उचलून ठेवली तर इंग्रजी कपाटात बसत नाही. ती आधी पूर्ण मोडायची, वाक्य सबंध पसरून पाहायचं, आणि मग इंग्रजी रीतीने नवी घडी घालायची.

दोन भाषांच्या दुमडींतला सर्वांत ठळक फरक नाम आणि क्रियापद यांचा आहे. आरोग्यमंत्र्यांनी पद सोडलं, तर फ्रेंच उपसंपादक 'देमिस्यों द्यु मिनिस्त्र द ला सांते', म्हणजे 'आरोग्यमंत्र्यांचा राजीनामा', असं सहज लिहितो. आपल्यालाही हे अगदी ओळखीचं वाटतं, कारण मराठी मथळाही असाच नामावर थांबतो. इंग्रजीला मात्र हलतं क्रियापद हवं असतं. 'हेल्थ मिनिस्टर क्विट्स.' तीन शब्द, आणि मधलं 'ऑफ द' गायब.

इथेच काळाचा प्रश्न येतो. राजीनामा काल दिला, तरी इंग्रजी मथळा 'क्विट्स' असा वर्तमानकाळ वापरतो. नुकतंच घडलेलं वर्तमानात, पुढे घडायचं असेल तर 'टू' लावून, आणि कर्मणी असेल तर 'इज' गाळून नुसतं भूतकाळवाचक रूप, अशी इंग्रजीची तीन वळणं ठरलेली आहेत. मराठी वाचकाला दुसरं वळण समजावून सांगायला नको. 'राष्ट्राध्यक्ष भारताला भेट देणार' असं लिहिताना आपणही 'आहेत' गाळतोच. इंग्रजीतला 'टू व्हिजिट' म्हणजे हेच 'देणार'. फ्रेंच मात्र इथे पूर्ण भविष्यकाळ लिहितो, कधी साधा वर्तमानकाळही वापरतो. 'राष्ट्राध्यक्ष सोमवारी रवाना होतात' असं फ्रेंच मथळ्यात असेल तर ते अजून निघालेले नसतात. अनुवादकाने तो वर्तमानकाळ तसाच ठेवला, तर इंग्रजी वाचक समजेल की ते गेले. म्हणून वार, तारीख आणि बातमीतलं पहिलं वाक्य पाहिल्याशिवाय काळ ठरवायचा नाही.

मृत्यूच्या बातमीत हा फरक फार जवळून दिसतो. अभिनेते जाँ-पोल बेलमोंदो ६ सप्टेंबर २०२१ रोजी गेले. अशा वेळी फ्रेंचमध्ये दोन रूपं रुळलेली आहेत. एक 'मोर द' असं नामरूप, म्हणजे 'अमुक यांचं निधन'. दुसरं 'ए मोर', भूतकाळाचं रूप. दुसऱ्याचं शब्दाला शब्द ठेवून 'इज डेड' केलं तर इंग्रजीत ते अंगावर आल्यासारखं वाटतं. फ्रेंचमधल्या साध्या, शांत रूपाची कोरडी घोषणा होते. इंग्रजीची रीत 'डाइज एज्ड ८८' अशी. वर्तमानकाळ, आणि मागोमाग वय. भाषांतर इथे शब्दाचं होत नाही, प्रथेचं होतं.

आता सर्वांत धोक्याची जागा. फ्रेंच पत्रकारितेत संकेतार्थी क्रियापदाचा एक खास वापर आहे. 'लांस्यँ मिनिस्त्र ओरे तूशे २,००,००० युरो' असा मथळा घेऊ. व्याकरणाच्या पुस्तकातून फ्रेंच शिकलेला माणूस 'ओरे' पाहून लगेच 'वुड हॅव' लिहितो. 'माजी मंत्र्याला दोन लाख युरो मिळाले असते.' वाक्य शुद्ध, अर्थ पूर्ण चुकलेला. फ्रेंच वृत्तपत्र म्हणतं आहे की त्याला ते पैसे मिळाले असं सांगितलं जातं, पण आम्ही त्याची खात्री देत नाही. मराठीत ज्याला आपण 'म्हणे' म्हणतो, तेच हे रूप. 'माजी मंत्र्याने म्हणे दोन लाख घेतले.' आपल्याकडे तो एक सुटा शब्द आहे. फ्रेंचमध्ये तो क्रियापदाच्या पोटात असतो.

इंग्रजीत असं क्रियापदाचं रूप नाही. म्हणून शंका बाहेरून लावावी लागते. 'अलेज्ड टू हॅव टेकन', 'रिपोर्टेडली', 'सेड टू', किंवा ब्रिटिश वृत्तपत्रांची आवडती युक्ती, आरोपाचा भाग एकेरी अवतरणात टाकणं. ते अवतरणचिन्ह सांगतं की हे शब्द आमचे नाहीत. जागा कमी म्हणून अनुवादकाने हे काढून टाकलं आणि 'एक्स-मिनिस्टर टुक' असं लिहिलं, तर कुणीतरी केलेला आरोप त्याच्या हातून सिद्ध गुन्हा होऊन बसतो. मथळ्यातली दोन अक्षरं वाचतात आणि अब्रुनुकसानीचा दावा दारात येतो.

पण प्रत्येक 'ओरे' हा 'म्हणे' नसतो. 'सरकारी मदत नसती तर कारखाना बंद झाला असता' या वाक्यातही फ्रेंच हेच रूप वापरतो, आणि तिथे 'वुड हॅव'च बरोबर. ओळखायचं कसं? मथळ्यात 'सि' म्हणजे 'जर', किंवा 'साँ' म्हणजे 'शिवाय', अशी अट दिसली तर तो खरा संकेतार्थ. अट कुठेच नसेल, वाक्य एकटं उभं असेल, तर ती ऐकीव माहिती. आणि 'पुरे', म्हणजे 'होऊ शकेल', हे रूप असेल तर ती ऐकीव गोष्टही नाही, नुसती शक्यता. इंग्रजीत तिथे 'मे' किंवा 'कुड' येतं. बातमीच्या खात्रीचे हे तीन थर फ्रेंच वाचकाला एका नजरेत कळतात. इंग्रजी वाचकालाही ते कळायला हवेत.

जागेच्या नावांतही असाच गुंता असतो. 'बेर्सी' म्हणजे फ्रान्सचं अर्थमंत्रालय, कारण ते पॅरिसच्या त्या भागात आहे. पण त्याच नावाने ओळखलं जाणारं मोठं क्रीडागृहही तिथेच आहे. 'बेर्सी'वर काय घडलं हे मथळ्यातल्या बाकीच्या शब्दांवरून ठरतं. आपल्याकडे 'वर्षा'वर बैठक म्हटलं की मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान कळतं, तसंच हे. परक्या वाचकासाठी मात्र मंत्रालयाचं नाव उलगडून द्यावं लागतं, आणि मग वाढलेली लांबी दुसरीकडून कमी करावी लागते.

शब्दखेळ आला की ही घडी घालणं सर्वांत कठीण होतं. २३ फेब्रुवारी २००८ रोजी पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात एका माणसाने राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्याशी हस्तांदोलन करायला नकार दिला. सार्कोझी त्याला म्हणाले, 'कास-त्वा, पोव काँ', म्हणजे 'चल, फूट, क्षुद्र मूर्खा'. हे बोलणं ध्वनिमुद्रित झालं आणि देशभर पोहोचलं. साडेचार वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, फ्रान्समधले सर्वांत धनाढ्य उद्योजक बेर्नार आर्नो यांनी बेल्जियमचं नागरिकत्व मागितल्याची बातमी आली. १० सप्टेंबरला 'लिबेरासियों'ने पहिल्या पानावर मथळा दिला, 'कास-त्वा, रिश काँ!'

'पोव'च्या जागी 'रिश', म्हणजे 'श्रीमंत'. बदललेला शब्द एकच, पण उलगडायच्या गाठी तीन. पहिली म्हणजे 'कास-त्वा' हे 'तू'चं रूप आहे. राष्ट्राध्यक्षाने नागरिकाला 'चल, फूट' म्हणावं, ही त्या घटनेतली अर्धी खळबळ. इंग्रजीच्या 'यू'मध्ये 'तू' आणि 'तुम्ही' एकच झालेत, म्हणून तो उद्धटपणा 'गेट लॉस्ट'सारख्या क्रियेतून आणावा लागतो. दुसरी गाठ 'पोव'ची, जे 'पोव्र'चं बोलण्यातलं रूप. फ्रेंचमध्ये 'पोव्र' नामानंतर आलं तर 'निर्धन', नामाआधी आलं तर 'बापुडा, दयनीय'. सार्कोझी त्या माणसाला गरीब म्हणत नव्हते, क्षुद्र म्हणत होते. लिबेरासियोंने शब्दाचा दुसरा, पैशाचा अर्थ जागा केला आणि त्याच्या उलट शब्द घातला. इंग्रजीचं 'पुअर'ही दोन अर्थांचं आहे, पण ते नामाआधी आलं की त्यात करुणा येते, तुच्छता येत नाही. 'गेट लॉस्ट, यू पुअर जर्क'मध्ये थोडी कीव मिसळते. तरीही जोडी टिकवायची तर हीच वाट उरते. 'पुअर जर्क' पासून 'रिच जर्क'.

तिसरी गाठ सर्वांत पक्की. मथळा हसवतो तो वाचकाला २००८ ची घटना आठवते म्हणून. इंग्रजी वाचकाला ती आठवत नाही. त्याच्यापुढे 'गेट लॉस्ट, यू रिच जर्क' ठेवलं, तर त्याला फक्त शिवी दिसते. म्हणून जाणता अनुवादक शब्दखेळ मथळ्यात ठेवतो आणि लगेच खालच्या ओळीत सार्कोझींची घटना एका वाक्यात सांगतो. किंवा मथळ्यात साधी बातमी देतो, 'आर्नो सीक्स बेल्जियन नॅशनॅलिटी', आणि लिबेरासियोंचा मथळा बातमीच्या आत उद्धृत करतो. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. इंग्रजीतली एखादी वेगळीच कोटी जोडून ती लिबेरासियोंच्या नावावर खपवणं मात्र प्रामाणिक नाही, कारण मग ते वृत्तपत्र जे बोललंच नाही ते त्याच्या तोंडी पडतं.

वाचकाची आठवण हरवली की काय उरतं, याचं दुसरं उदाहरण १९७० चं. १ नोव्हेंबरच्या पहाटे साँ-लोराँ-द्यु-पों इथल्या नृत्यगृहाला आग लागली आणि १४६ जण दगावले. ९ नोव्हेंबरला माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल कोलोंबेच्या घरी वारले. 'हाराकिरी' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर लिहिलं, 'बाल त्राजिक आ कोलोंबे - १ मोर'. कोलोंबेत नृत्यसमारंभात दुर्घटना, एक मृत. ही अपघाताच्या कोरड्या मथळ्याची हुबेहूब नक्कल होती, म्हणूनच तो बोचला. साप्ताहिकावर बंदी आली आणि आठवड्याभरात त्याच मंडळींनी 'शार्ली एब्दो' काढलं. हा मथळा इंग्रजीत नेताना मधलं विरामचिन्ह, आकड्यातला '१' आणि तो क्रियापदाचा अभाव मोडायचा नसतो. एरवी जी नामांची रांग आपण तोडतो तीच इथे विनोदाचा जीव आहे. 'वन किल्ड ॲट कोलोंबे डान्स' असं सफाईदार इंग्रजी केलं, तर नक्कल संपते.

मथळ्याचा अनुवाद तपासायला एक प्रश्न पुरतो. फ्रेंच वाचकाला तो मथळा वाचून जेवढं कळलं, आणि जेवढं खात्रीने कळलं, तेवढंच इंग्रजी वाचकाला कळतं आहे का? जास्त कळत असेल तर अनुवादकाने पदरचं घातलं, कमी कळत असेल तर काहीतरी सांडलं. पुढच्या वेळी परदेशी वृत्तपत्राचा एखादा मथळा भाषांतरात वाचाल तेव्हा खालची बातमी दोन परिच्छेद तरी वाचा. मथळा 'घेतले' म्हणत असेल आणि बातमी 'घेतल्याचं म्हटलं जातं' असं सांगत असेल, तर विश्वास बातमीवर ठेवा.