फी पत्रकातली ‘बाकी’ कशी वाचावी
एका वसतिगृहाच्या गृहपालांचं पालकांना पत्र



दर महिन्याच्या ५ तारखेला ऑफिसमधून तुम्हाला तुमच्या मुलीचं फी पत्रक पाठवलं जातं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस माझा फोन सतत वाजत असतो, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : “मॅडम, पैसे भरले, तरी बाकी कशी काय दिसते?” आपल्याकडच्या बऱ्याच मुली शेतकऱ्यांच्या घरच्या आहेत. सोयाबीन विकलं की थोडे, उसाचं बिल निघालं की थोडे, असे पैसे येतात आणि त्यात काहीही गैर नाही. पण पैसे तुकड्या-तुकड्यांनी आले की पत्रक वाचणं अवघड होतं. म्हणून एका मुलीचं पहिल्या सत्राचं पत्रक, नाव न सांगता, सुरुवातीपासून उलगडून दाखवते.

या मुलीची पहिल्या सत्राची मागणी अशी होती : अनामत ५,००० रुपये, खोलीभाडं १५,०००, वीज-पाणी १,५०० आणि मेसचे महिना ३,००० प्रमाणे जुलै ते नोव्हेंबर असे १५,०००. एकूण ३६,५००. प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी १८,००० रुपये रोख भरले. ते कशापोटी, हे त्यांनी सांगितलं नाही. अशा वेळी आम्ही पत्रकात वरून खाली जातो. आधी अनामत, मग खोलीभाडं, मग वीज-पाणी, शेवटी मेस. त्यामुळे अनामतीपुढे ‘पूर्ण’ असा शेरा पडला. उरलेले १३,००० खोलीभाड्यात गेले आणि तिथे ‘अंशतः’ लिहिलं गेलं, बाकी २,०००. वीज-पाणी आणि मेस या ओळींत जमा शून्य. तळाची एकूण बाकी १८,५००.

‘अंशतः’ या शेऱ्याला काही पालक घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच, की त्या ओळीत पैसे आलेत, पण ती ओळ अजून मिटलेली नाही. तो दंड नाही, ताकीदही नाही.

ऑगस्टच्या १० तारखेला वडिलांनी मोबाइलवरून ६,००० रुपये पाठवले आणि सोबत लिहिलं, ‘ऑगस्ट-सप्टेंबर मेस’. आम्ही ते मेसच्या ओळीत घेतले. पुढच्या पत्रकात मेसपुढे जमा ६,००० आणि बाकी ९,००० आली, पण खोलीभाड्यापुढचं ‘अंशतः’ आणि २,०००ची बाकी तशीच राहिली. वडिलांचा फोन आला, की आधीची बाकी आधी का वळती केली नाही? कारण त्यांनीच पैसे कशाचे ते सांगितलं होतं. भारतीय करार कायदा, १८७२ यातलं कलम ५९ याबाबत स्पष्ट आहे : देणाऱ्याने रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे सांगितलं आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यात धरावी लागते. देणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर कोणत्या देण्यात धरायची हे कलम ६० प्रमाणे घेणारा ठरवू शकतो. आमचा वरून खाली जाण्याचा क्रम या दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे.

एक मात्र लक्षात घ्या. ते ६,००० कुठल्याही ओळीत गेले असते, तरी तळाची एकूण बाकी १२,५००च राहिली असती. मग ओळीला महत्त्व का? कारण आपल्याकडे विलंब शुल्क फक्त खोलीभाड्याच्या बाकीवर लागतं, तेही सप्टेंबर संपल्यानंतर. मेसच्या बाकीवर ते लागत नाही. म्हणून खोलीभाड्याची थोडीच रक्कम उरली असेल, तर पैसे पाठवताना ‘आधी खोलीभाडं’ असं लिहिणं तुमच्याच फायद्याचं आहे.

सप्टेंबरमध्ये दोन गोष्टी घडल्या. गौरी-गणपतीला ती मुलगी नऊ दिवस घरी गेली. जाण्याआधी तिने मेसच्या वहीत नोंद केली होती, म्हणून दिवसाला १०० प्रमाणे ९०० रुपये कमी झाले. ही रक्कम ‘जमा’ रकान्यात शोधू नका, ती ‘वजावट’ रकान्यात असते. तुम्ही पैसे भरलेले नाहीत, तर आमची मागणीच १५,००० वरून १४,१०० झाली आहे. एकूण बाकी ११,६०० झाली. दुसरी गोष्ट, १२ तारखेला वडिलांनी ८,००० रुपयांचा चेक दिला. त्याची पावती लगेच मिळाली, पण पत्रकात त्यापुढे ‘चेक, वटणे बाकी’ असं आलं आणि एकूण बाकी ११,६००च राहिली. चेक वटला तेव्हा २,००० खोलीभाड्यात, १,५०० वीज-पाण्यात आणि उरलेले ४,५०० मेसमध्ये गेले. वरच्या तिन्ही ओळी ‘पूर्ण’ झाल्या आणि मेसची ३,६०० बाकी उरली. विलंब शुल्कासाठी आम्ही चेक ऑफिसात दिल्याची तारीख धरतो, त्यामुळे बँकेला वेळ लागला तर त्याचा भुर्दंड तुम्हाला पडत नाही.

मध्यंतरी एक पालक दोन महिन्यांची पत्रकं घेऊन आले. एकावर बाकी १८,५००, दुसऱ्यावर १२,५००. त्यांनी बेरीज केली होती ३१,००० आणि त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. कृपा करून असं करू नका. प्रत्येक पत्रकातली बाकी त्या दिवसापर्यंतचा सगळा हिशेब धरून काढलेली असते. नवीन पत्रक आलं की जुन्यावरचा आकडा संपला. रकमेच्या आधी उणे चिन्ह असेल, तर तेवढी रक्कम तुमची आमच्याकडे जादा जमा आहे, ती पुढच्या सत्रात वळती होते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उचंत खात्यातल्या पैशांची. मुलीच्या मामाने त्याच्या फोनवरून ४,००० पाठवले, तर बँकेच्या उताऱ्यावर आम्हाला मामाचं नाव, रक्कम, तारीख आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसतो. मुलगी कोणती, हे कुठेच नसतं. मग ते पैसे उचंतमध्ये पडून राहतात आणि मुलीच्या पत्रकावर बाकी दिसतच राहते. पैसे आलेत हे आम्हाला माहीत असतं, कोणाचे ते माहीत नसतं. उपाय सोपा आहे : पैसे पाठवताना मुलीचं नाव आणि खोली क्रमांक लिहा. राहून गेलं असेल, तर तो बारा आकडी क्रमांक ऑफिसच्या नंबरवर पाठवा.

अनामतीतून बाकी वळती करा, असंही काही जण सांगतात. ते करता येत नाही. ती रक्कम मुलगी वसतिगृह सोडते तेव्हा खोलीची तपासणी करून परत द्यायची असते आणि तोपर्यंत ती वेगळी ठेवली जाते. ज्यांच्या मुलींना सरकारी निर्वाह भत्ता मंजूर झाला आहे, त्यांनीही ध्यानात ठेवावं, की तो मुलीच्या बँक खात्यात थेट जमा होतो. तो तिथून आमच्याकडे भरेपर्यंत पत्रकावर बाकीच दिसणार.

पत्रक आम्ही नोटीस बोर्डवर लावत नाही आणि बाकी आहे म्हणून कोणत्याही मुलीला मेसच्या ताटावरून उठवत नाही. एकरकमी जमत नसेल, तर दर सत्राच्या पहिल्या महिन्यात हप्त्यांचा अर्ज द्या. मंजूर हप्त्यांच्या तारखा पत्रकावर छापून येतात आणि त्या पाळल्या तर खोलीभाड्यावर विलंब शुल्क लागत नाही. पत्रक आणि तुमच्याकडच्या पावत्या जुळत नसतील, तर १५ तारखेच्या आत पावत्यांचे फोटो पाठवा, म्हणजे दुरुस्ती पुढच्याच पत्रकात दिसेल.

आपली,
गृहपाल