एका फलनाच्या मापाने दुसऱ्याचा वेग

एक स्कूटर मिनिटाला अर्धा किलोमीटर धावते आणि तेवढ्या वेळात दहा मिलिलिटर पेट्रोल पिते. मग किलोमीटरला पेट्रोल किती? दहा भागिले अर्धा, म्हणजे वीस मिलिलिटर. पेट्रोल आणि अंतर दोन्ही वेळेनुसार बदलत होती, पण उत्तरात मिनिट कुठेच उरले नाही.

बारावीच्या गणितात ‘sin x चे x² च्या सापेक्ष विकलन करा’ असा प्रश्न येतो, तेव्हा हाच भागाकार करायचा असतो. इथे मिनिटाच्या जागी x आहे. x बदलला की sin x बदलतो आणि x² ही बदलतो. प्रश्न एवढाच, की x² किंचित वाढला तर त्या वाढीच्या किती पटीने sin x वाढतो?

x च्या सापेक्ष sin x चा विकलज cos x आणि x² चा 2x. पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर मिळते: cos x / 2x. पुष्कळ विद्यार्थी cos x लिहूनच थांबतात. तो x च्या मापाने मोजलेला वेग झाला. X² च्या मापाने मोजायचे तर 2x ने भागायलाच हवे.

आकडे घालून पडताळू. कोन रेडियनमध्ये घ्यायचा, कारण cos x हा विकलज रेडियनमध्येच खरा ठरतो. x = 1 असताना sin x सुमारे 0.84147 असतो. x थोडा वाढवून 1.01 केला, की तो 0.84683 होतो, म्हणजे 0.00536 ने वाढतो. तेवढ्यात x² हा 1 वरून 1.0201 वर जातो; त्याची वाढ 0.0201. भागाकार येतो सुमारे 0.267. सूत्राने मिळणारी किंमत cos 1 / 2, म्हणजे सुमारे 0.270. x ची वाढ 0.001 इतकीच घेतली, तर भागाकार 0.2698 येतो. पाऊल जितके लहान, तितका तो सूत्राच्या जवळ सरकतो.

मात्र x = 0 पाशी हे सूत्र चालत नाही, कारण छेदातला 2x शून्य होतो. x = 0.01 ला उत्तर जवळपास 50 येते, तर x = −0.01 ला उणे 50. शून्याजवळ जावे तसे हे आकडे आणखी फुगत जातात. शून्यापाशी x वाढला तरी x² जवळजवळ जागचा हलत नाही, sin x मात्र पुढे सरकत असतो. स्कूटर जागच्या जागी उभी आणि इंजिन चालू असेल, तर किलोमीटरला पेट्रोल किती हे विचारण्यात अर्थ नसतो, तसेच हे.

शून्याच्या दोन बाजूंना चिन्हे उलटी का, तेही यातूनच कळते. x² = 0.0001 ही एकच किंमत 0.01 आणि −0.01 अशा दोन x मधून येते, आणि त्या दोन ठिकाणी sin x वेगळा असतो. म्हणून नुसता x² सांगून भागत नाही. आपण x च्या कोणत्या बाजूला उभे आहोत, तेही सांगावे लागते.