कँडल घासली, पण वॉशर बघितलं का?

पाण्याचा एक थेंब म्हणजे साधारण एका मिलिलिटरचा विसावा भाग. फिल्टरच्या कँडलखालून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाही धड भरत नाही. वरचं भांडं दिवसभर भरलेलं ठेवलं तरी चोवीस तासांत सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी जमतं. दोन कँडलच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये दोन्हींची ही गत झाली, तर चार माणसांच्या घरात रात्री फिल्टर काठोकाठ भरूनही सकाळी तोटीला जेमतेम धार येते. मग कुणीतरी म्हणतं, ‘कँडल गेली, नवी आणा.’ बहुतेक वेळा कँडल गेलेली नसते, फक्त माखलेली असते.

ही पांढरी, पोकळ, घुमटासारख्या डोक्याची नळी भाजलेल्या मातीची असते. काही कँडल चिनी मातीच्या मिश्रणाच्या असतात, तर काही डायटमाइटच्या. डायटमाइट म्हणजे सूक्ष्म पाणवनस्पतींच्या कवचांचे साठलेले थर. जर्मनीतल्या विल्हेल्म बेर्केफेल्ड यांच्या डायटमाइटच्या कँडल १८९१ च्या सुमारास पुढे आल्या आणि १८९२ मध्ये हॅम्बुर्गला कॉलराची मोठी साथ आली तेव्हा वापरल्या गेल्या. तत्त्व आजही तेच आहे. पाणी बाहेरून भिंतीत शिरतं, तिच्यातल्या वेड्यावाकड्या, अतिसूक्ष्म वाटांनी आत झिरपतं आणि मधल्या पोकळीतून खालच्या देठावाटे गळतं. गाळ आणि बहुतेक जिवाणू बाहेरच अडकतात. वेग कमी होण्याचं मूळही तिथेच आहे, कारण अडकलेला गाळ कुठे जात नाही. तो कँडलच्या अंगावर थर धरून बसतो.

घासायच्या आधी एक साधी गोष्ट तपासावी, ती म्हणजे वरच्या भांड्यात पाणी किती आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणारे अभियंते हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या नळकांड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूतून पाणी किती वेगाने जाईल ते वरच्या पाण्याच्या दाबावर, वाटेच्या क्षेत्रफळावर आणि थराच्या जाडीवर ठरतं, हे त्यांनी दाखवलं. कँडललाही हाच नियम लागू आहे. पातळी कँडलच्या डोक्यापासून तिच्या निम्म्या उंचीवर आली की दाब घटतो आणि भिजलेली भिंतही कमी होते. दोन्ही घटल्यामुळे वेग निम्मा नव्हे, जवळजवळ चौथाईवर येतो. त्यामुळे तळाशी चार बोटं पाणी असताना ‘फिल्टर गळतच नाही’ ही तक्रार खोटी नसते, पण तो बिघाडही नसतो. खालचं भांडं देठापर्यंत भरलं असेल किंवा दोन भांड्यांमधला सांधा इतका घट्ट असेल की खालची हवा बाहेर पडत नाही, तरीही गळणं थांबतं.

या शंका फिटल्या की कँडल उतरवायची. रत्नागिरीकडचं एक घर धरू. जुलै महिना, नळाला चहाच्या रंगाचं पाणी. वरचं भांडं काठोकाठ भरून ते दोन स्टुलांवर असं ठेवलं की दोन्ही देठ मधल्या फटीत मोकळे राहतील. खाली घड्याळ लावून बघितलं, तर उजवीकडून सेकंदाला एक थेंब आणि डावीकडून तीन सेकंदांना एक. दोन्ही मिळून तासाला २४० मिलिलिटर. अशी मोजणी आधी करून ठेवली नाही, तर घासल्याने फरक किती पडला ते नुसत्या नजरेला कळत नाही.

भांडं रिकामं करून खालची प्लॅस्टिकची चाकी सोडवताना कँडल बुडाच्या प्लॅस्टिकच्या टोपीला धरावी, पांढऱ्या अंगाला धरून पिळू नये. पिळलं तर माती आणि टोपी जिथे चिकटवलेल्या असतात तो सांधा निखळतो. मग नळाच्या बारीक धारेखाली कँडल उलटी धरावी. देठ वर, घुमट खाली आणि देठाचं भोक अंगठ्याने बंद. त्यामुळे मळकं पाणी घुमटाकडे वाहून जातं, भोकातून आत शिरत नाही. आत गेलेली घाण कुठल्याच ब्रशने निघत नाही आणि ती थेट पिण्याच्या पाण्यात उतरते.

ब्रश नायलॉनचा, मऊ ते मध्यम. जुना टूथब्रश नको, तो तोंडात गेलेला असतो. नवा आणून फक्त याच कामाला ठेवावा. साबण किंवा भांड्यांची पावडर तर अजिबात नको, कारण सच्छिद्र माती ती शोषून घेते आणि पुढचे कितीतरी दिवस पाण्याला चव देत राहते. टोपीकडून घुमटाकडे, कँडल थोडी थोडी फिरवत घासत गेलं की आधी तपकिरी, मग फिकट पिवळं पाणी वाहतं. बोटाला लागणारा बुळबुळीतपणा जातो आणि खडूसारखा खरखरीत स्पर्श लागतो. पाणी स्वच्छ वाहू लागलं आणि स्पर्श सगळीकडे सारखा झाला की थांबायचं. एखादा डाग राहिला म्हणून पॉलिश पेपरने खरवडत बसू नये. दर घासण्याला मातीचा पातळ पापुद्रा जातोच आणि भिंत जितकी पातळ, तितकी गाळणी दुबळी.

आता रत्नागिरीच्या घराची दुसरी मोजणी. कँडल परत बसवल्या, भांडं काठोकाठ भरलं, दोन्ही देठांखाली २०० मिलिलिटरचे पेले ठेवले. उजवीकडचा पेला पंधरा मिनिटांत भरला, म्हणजे तासाला ८०० मिलिलिटर. चांगली सुधारणा. डावीकडचा चार मिनिटांत भरला, म्हणजे तासाला तीन लिटर. घरातल्यांना आनंद व्हावा अशीच गोष्ट, पण खरी काळजी इथेच करायची. त्याच मातीची, त्याच वयाची जोडीदार कँडल ८०० वर असताना हिचा वेग चौपट असेल, तर पाणी भिंतीतून न जाता कुठूनतरी पळवाट काढतंय. हळू गळणारा फिल्टर गैरसोय करतो. असा जोरात गळणारा न गाळलेलं पाणी प्यायला देतो आणि ते दिसायलाही बऱ्यापैकी स्वच्छ असतं.

पळवाटा तीनच असतात: टोपीखालचं वॉशर, टोपी आणि माती यांचा सांधा, किंवा मातीला गेलेला तडा. त्या वेगळ्या ओळखता येतात. भांडं रिकामं करायचं आणि कँडलमधलं उरलेलं पाणी गळून थांबेपर्यंत वाट बघायची. चाकी आणि देठ फडक्याने कोरडे पुसायचे. मग भांड्यात फक्त इतकंच पाणी घालायचं की प्लॅस्टिकची टोपी अर्ध्यापर्यंत बुडेल आणि पांढऱ्या मातीला पाणी टेकणार नाही. अर्धा तास तसंच ठेवायचं. माती कोरडी असताना खाली एकही थेंब पडायला नको. चाकीच्या कडेने ओल आली तर वॉशर नीट बसलेलं नाही. चाकी कोरडीच राहिली, तर पाणी सांध्याच्या वरपर्यंत चढवायचं, पण मातीचा जेमतेम काठ भिजेल इतकंच. आता देठाच्या भोकातून भराभर थेंब पडू लागले तर सांधा सुटलाय, आणि त्याला घरगुती इलाज नाही. दोन्ही ठिकाणी काही आढळलं नाही, तर कँडल उतरवून पाण्याच्या बादलीत बुडवावी. नुसत्या सच्छिद्र भिंतीतून बारीक बुडबुडे सगळीकडून येतात. एकाच रेषेतून मोठ्या बुडबुड्यांची माळ निघत असेल तर तिथे तडा आहे. घासताना कँडल सिंकच्या कडेवर आपटली की असा केसासारखा तडा जातो. तडा गेलेली कँडल टाकून द्यावी.

रत्नागिरीत ओल चाकीच्या कडेने आली. वॉशर काढलं तर ते बोटांत दाबता येईना इतकं कडक झालेलं, वर एक भेग आणि खाली वाळूचा कण. जुन्या जागी दबून बसलेलं असताना ते कसंबसं पाणी अडवत होतं, उतरवून परत लावल्यावर अडवेना. नवं रबरी वॉशर घेताना देठाच्या मापाचं घ्यावं. ते भांड्याच्या आत, टोपी आणि स्टीलच्या मध्ये बसतं, कारण पाणी तिथूनच घुसू बघतं. भोकाभोवतीचं स्टील पुसून तिथे क्षार किंवा पोचा नाही ना हे बघावं, देठ सरळ उभा ठेवून आटे वाकडे न चढवता चाकी फिरवावी आणि हाताने घट्ट झाली की सोडावी. पक्कड लावली की प्लॅस्टिकचे आटे तरी झिजतात, नाहीतर वॉशर तरी कडेला सरकतं. नव्या वॉशरनंतर डावीकडचा पेला सोळा मिनिटांत भरला.

घासूनही वेग सुधारला नाही तर दोष बहुधा पाण्याच्या जातीत असतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत क्षार मातीच्या आत जाऊन बसतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही. पाणी उकळून लगेच फिल्टरमध्ये ओतण्याची सवय या त्रासात भर घालते. जड पाणी उकळलं की चुन्याचे पांढरे कण वेगळे होतात आणि ते सगळे कँडलवर येऊन बसतात. शिवाय गरम पाण्याने टोपीचा चिकट सांधा सैल होतो. आधी गाळून मग उकळणं दोन्ही दृष्टींनी बरं. पावसाळ्यात पाणी रात्रभर निवू द्यावं, तुरटी फिरवली असेल तर खाली बसलेला गाळ न हलवता वरचं पाणी फडक्यातून गाळून फिल्टरमध्ये घालावं. मग घासण्याची पाळी लवकर येत नाही.

उकळण्याला दुसरं कारणही आहे. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या कँडलमधून गाळला. गाळलेल्या रसानेही निरोगी झाडांना रोग झाला. जिवाणू अडवणाऱ्या भिंतीतून पलीकडे गेलेलं ते काहीतरी म्हणजे विषाणू. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणूही इतकेच सूक्ष्म असतात. साथ असेल तेव्हा नुसत्या कँडलवर विसंबू नये. पाण्यात विरघळलेले क्षार आणि फ्लोराइडही ती अडवत नाही.

कँडल बदलायचीच झाली तर जुनी सोबत नेऊन टोपीची रुंदी, उंची आणि देठाची लांबी जुळवून घ्यावी. नवी कँडल स्वच्छ पाण्यात काही तास भिजवावी, नाहीतर भिंतीत अडकलेली हवा पाण्याची वाट अडवते आणि नवी कोरी कँडल हळू गळते. पहिल्या दोन खेपांचं पाणी कुंड्यांना घालावं. तिसऱ्या खेपेला भांडं काठोकाठ भरून प्रत्येक देठाखालचा पेला किती मिनिटांत भरतो ते मोजावं आणि तारखेसह फिल्टरच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावं. पुढच्या वेळी लागणारी मिनिटं दुप्पट झाली तर ब्रश घ्यायचा, निम्म्यावर आली तर वॉशर बघायचं.