पन्नाशीनंतरची सायकल

लहान मूल सायकलवरून पडते ते फार उंचावरून नाही. गुडघा खरचटतो, दोन मिनिटे रडते आणि पुन्हा सायकल उचलते. पन्नाशीतल्या बाईचे तसे नसते. हाड मोडले तर घर अडेल ही काळजी असते, आणि गल्लीतली पोरे हसतील ही धास्ती त्याहून मोठी. तिला ‘भिऊ नका’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण तिची भीती खोटी नसते. पाहायचे ते एवढेच की ही भीती शरीराकडून काय करवून घेते.

सायकल उजवीकडे कलली की हँडलही उजवीकडेच वळवावे लागते. त्यामुळे चाके अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. तळहातावर काठी उभी ठेवताना ती कलते तिकडेच आपण हात नेतो, तसेच हे. घाबरलेला माणूस नेमके उलट करतो. कलली त्याच्या विरुद्ध बाजूला हँडल ओढतो आणि पडतो. शिवाय तो कोपरे ताठ करतो, पुढच्या चाकाकडे टक लावून बघतो आणि वेग कमी ठेवतो. वेग अगदी कमी असला की तोल सावरायला हँडल खूप वळवावे लागते, थोडा वाढला की जरासे वळवून भागते. म्हणजे पडू नये म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट पाडायला मदत करते!

माझी खाला बावन्नाव्या वर्षी सायकल शिकली. शिवलेले कपडे गावभर पोहोचवायला रोज रिक्षा परवडत नव्हती. आधी तिचा मुलगा सीट धरून मागे धावायचा. आठवडाभरात काही जमले नाही. त्याने धरलेले असेपर्यंत तोल तोच सांभाळत होता, हिच्या हाताला काही कळतच नव्हते. ‘सोडलंस का रे?’ म्हणून ती मागे बघे आणि हँडल फिरे.

मग सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांनी सीट इतकी खाली केली की दोन्ही तळपाय जमिनीवर पुरते टेकले, आणि दोन्ही पॅडल काढून ठेवली. (डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते, ते नेहमीच्या उलट दिशेने फिरवले तरच सुटते.) आता पडायला जागाच उरली नाही. फजरनंतर ईदगाहच्या मैदानात, जिथे जमीन टणक आणि किंचित उतरती आहे, ती सीटवर बसून नुसती चालायची. दोन दिवसांनी पायाने रेटा देऊन पाय उचलायला लागली आणि नजर समोरच्या निंबाच्या झाडावर ठेवायला लागली. पाय वर असताना मोठ्याने आकडे मोजायचे, असे चाचांनी सांगितले होते. पहिल्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी बारा. मोजताना श्वास अडकून राहत नाही, हा त्यातला खरा फायदा.

बारापर्यंत पोहोचल्यावर पॅडल बसवली. एक पॅडल पुढे आणि थोडे वर ठेवून त्यावर दाब द्यायचा, दुसऱ्या पायाने जमीन रेटायची. ब्रेक मात्र पॅडलच्या आधीच शिकवला होता. थांबता येते हे हातांना पक्के कळल्याशिवाय वेग घ्यायचे धाडस होत नाही. सीट पुढे महिनाभरात बोटाबोटाने वर गेली, कारण खालच्या सीटवर गुडघे फार दुखतात. बुरख्याचा घेर मागच्या चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवली, सलवारीला घोट्याशी रबर बांधला.

हाडे ठिसूळ असतील किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि मैदानात जमले म्हणजे रस्त्यावर जमले असे नाही. मागून हॉर्न वाजला की जुनी भीती लगेच जागी होते.

अमेरिकेतल्या समाजसुधारक फ्रान्सेस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. रोज सरासरी पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने लागले, हे त्यांनी १८९५ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. आधी पॅडल मारणे, मग वळणे, मग उतरणे आणि चढणे सर्वांत शेवटी, असा त्यांचा क्रम होता. खालाचाही जवळपास तोच झाला.

हसणाऱ्या लोकांची भीती मात्र सीट खाली करून जात नाही. तिच्यावरचा उपाय तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात दिसला. १९९० नंतर तिथल्या साक्षरता मोहिमेत गावोगावच्या स्त्रिया घोळक्याने सायकल शिकल्या, त्यांत मुस्लिम स्त्रियाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. सुरुवातीला त्यांनाही टोमणे ऐकावे लागले. पण एकटीला हसणे सोपे असते, चाळीसजणींना हसायला माणसे कुठून आणायची?

खालाबरोबर आता शेजारच्या दोघी येतात. सायकल एकच आहे. एक चालवते तेव्हा बाकीच्या दोघी आकडे मोजतात.