ठेव काढायला कोणता कागद?

आमच्या ओळखीच्या एका पाड्यावरील भगिनीचे पती वारले. सहकारी बँकेत त्यांचे ८४,००० रुपये होते. नॉमिनी नव्हता, मृत्युपत्रही नव्हते. बँकेत तिला 'कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र आणा' असे सांगण्यात आले.

मृत्युपत्र खरे आहे, असे कोर्टाकडून ठरवून घेणे म्हणजे प्रोबेट. इथे त्याचा प्रश्नच नव्हता. वारसा प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, मृताचे येणे व ठेवी वसूल करण्याचा अधिकार देते. पण त्यासाठी अर्ज, नोटीस, कोर्ट फी आणि कित्येक महिने लागतात. वारस दाखला केवळ वारस कोण ते सांगतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत (व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत) वाद नसेल, तर कोर्टाचा कागद लागत नाही. म्हणून मी तिच्याकडून दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारस दाखला, हमीपत्र आणि दोन्ही सज्ञान मुलांची नाहरकत एवढेच द्यायला लावले. वारस दाखला नसता, तर कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण दाव्याशी संबंध नसलेल्या माणसाचे लेखी निवेदन चालले असते. कागद पूर्ण झाल्यावर बँकेला १५ दिवस मिळतात.

नॉमिनी असता, तर याहून सोपे. मात्र नॉमिनी पैसे वारसांच्या वतीने घेतो, मालक होत नाही. आणि एखाद्या मुलाने हरकत घेतली असती, तर कोर्टातच जावे लागले असते.